एकच खातं, त्यात घर आणि होमस्टे दोन्ही: कर्जासाठी उत्पन्न वेगळं कसं दाखवायचं

प्रश्न: मालवणजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, माझ्या एकटीच्या नावावर. आणखी दोन खोल्या बांधायला आठ लाखांचं कर्ज हवंय. सगळे व्यवहार एकाच बचत खात्यातून होतात. बँकेतले साहेब म्हणाले, खात्यातली जमा आयटीआरमधल्या उलाढालीच्या दुप्पट आहे, मग खरं उत्पन्न कुठलं? घरचे आणि धंद्याचे व्यवहार मागे जाऊन वेगळे करता येतात का? की करंट खातं उघडून वर्षभर थांबू?

उत्तर:

ताई, बहुधा थांबावं लागणार नाही. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होतो, आता कुडाळ-मालवण भागातल्या छोट्या धंदेवाल्यांच्या फाइली तयार करून देतो. एका खात्यात सगळं एकत्र असणं ही आपल्याकडची नेहमीचीच गोष्ट आहे. मालकी एकट्याची असेल तर कायद्यानेही तुम्ही आणि तुमचा होमस्टे वेगळे नाहीत. पॅन एकच, देणं फेडायची जबाबदारीही एकच. त्यामुळे नुसत्या मिसळीवरून कुणी फाइल परत करत नाही.

साहेबांना खरा घोर दुसराच आहे. जमा दुप्पट दिसली की त्यांच्यापुढे दोन शक्यता उभ्या राहतात. एक, तुम्ही विक्री लपवून कर कमी भरला. दोन, खात्यात तुमच्या कमाईचे नसलेले पैसे येऊन गेले. कागद नसेल तर दोन्ही सारख्याच दिसतात, आणि अशा वेळी अधिकारी स्वतःच्या सहीचा विचार करून हात आखडता घेतो. तेव्हा तुम्हाला दुसरी शक्यता एकेका नोंदीसह दाखवायची आहे. "यातले बरेच घरचे आहेत हो" हे तोंडी सांगणं पुरत नाही.

काही गोष्टी कर्ज कोण देतं यावर ठरतात, ते आधीच सांगतो. सरकारी बँक बहुतेक वेळा आयटीआरला चिकटून राहते. खासगी बँका आणि वित्त कंपन्या खात्यातल्या जमेवरूनही उत्पन्न बांधतात. अर्बन बँक किंवा पतपेढी तुम्हाला ओळखते, त्यामुळे तिथे रजिस्टर-वह्यांना जास्त किंमत मिळते. रोख भरणा किती धरायचा आणि उत्पन्नाच्या किती टक्क्यांपर्यंत हप्ते चालतील, हे जो तो आपल्या धोरणाने ठरवतो. पण वेगळं करायची रीत सगळीकडे तीच.

सुरुवात अशी करा. नेटबँकिंगवरून पूर्ण 12 महिन्यांचं स्टेटमेंट काढा, एप्रिल ते मार्च, म्हणजे ते आयटीआरच्या वर्षाशी जुळेल. सहा महिन्यांचं मागितलं तरी स्वतःहून 12 महिन्यांचं द्या. आपला धंदा हंगामी आहे. मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ यांत खोल्या भरतात आणि पावसाळ्यात समुद्रावरचे खेळ बंद असतात. नोव्हेंबर ते एप्रिल पाहिलं तर चित्र फुगतं, जून ते सप्टेंबर पाहिलं तर धंदा मेलेला वाटतो. पीडीएफ बँकेला जशीच्या तशी द्यायची, तिच्यावर काहीही खोडायचं किंवा लिहायचं नाही. त्यांचं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीची शिल्लक पुन्हा मोजतं आणि फाइलमध्ये फेरफार झालाय का तेही तपासतं. वर्गवारी वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये करून जोडपत्र म्हणून द्यायची.

एक्सेलमध्ये स्टेटमेंटच्या रकान्यांशेजारी दोन रकाने वाढवा, एकात वर्ग आणि दुसऱ्यात पुरावा. मी सहा वर्ग ठेवतो: धंदा, घर, शेती, कर्ज, स्वतःचेच पैसे आणि येऊन-गेलेले. जमेची रक्कम E रकान्यात आणि वर्ग G मध्ये असेल तर धंद्याच्या जमेची बेरीज अशी निघते:

```
=SUMIFS(E:E,G:G,"धंदा")
```

यूपीआयच्या नोंदीत देणाऱ्याचं नाव दिसतं, कशाबद्दल दिले ते बहुतेकदा दिसत नाही. म्हणून पाहुण्यांचं रजिस्टर शेजारी घेऊन बसा आणि तारीख व नाव जुळवा. नवरा राहून जातो आणि पैसे बायकोच्या फोनवरून येतात, तेव्हा नावापेक्षा तारीख आणि रक्कम जास्त कामाला येते. हे काम कंटाळवाणं आहे. हंगामातल्या नोंदींना दोन-तीन संध्याकाळी सहज जातात.

आता देवबागकडच्या एका होमस्टेची फाइल सांगतो, ती तुमच्या प्रश्नाच्या बरीच जवळ जाते. वर्षाची एकूण जमा 24 लाख 60 हजार होती आणि आयटीआरमध्ये उलाढाल 12 लाख 10 हजार. अडचण तुमचीच.

सर्वात आधी स्वतःचेच पैसे बाजूला काढले. पतपेढीतल्या पिग्मीची मुदत संपून आलेले आणि जिल्हा बँकेतल्या दुसऱ्या खात्यातून वळवलेले मिळून 2 लाख 50 हजार. हे सिद्ध करणं सोपं असतं, कारण त्याच तारखेला दुसऱ्या खात्यात तीच रक्कम नावे पडलेली असते. ते पान जोडलं की झालं. सोनेतारणाचे 1 लाख 50 हजार होते, त्याला मंजुरीची चिठ्ठी लावली. मुंबईतला भाऊ आईच्या औषधपाण्यासाठी दर महिन्याला 15 हजार पाठवायचा आणि घराच्या छपरासाठी एकदा 1 लाख 80 हजार आले होते. दोन्ही मिळून 3 लाख 60 हजार. भावाचं साध्या कागदावर सहीचं पत्र आणि त्याच्या खात्याचं त्या तारखांचं पान एवढं पुरलं. हे गृहस्थ वाडीतल्या देवळाचे खजिनदारही होते, त्यामुळे जत्रेची 80 हजार वर्गणी त्यांच्याच नंबरवर जमा झाली होती. तिला पावतीपुस्तकाची प्रत आणि पुढे मंडप, भटजी, दशावतारी मंडळी यांना गेलेल्या रकमा दाखवल्या. फसलेले यूपीआय व्यवहार आणि ऑनलाइन खरेदीचे परतावे 20 हजार. राहिले घरच्या बागेतल्या हापूसच्या पेट्यांचे 2 लाख 20 हजार, त्यांच्याकडे पुढे येतो.

हे सगळं 10 लाख 80 हजार भरतं. म्हणजे होमस्टेशी संबंध असलेली जमा 13 लाख 80 हजार उरली.

इथे बहुतेक लोक थांबतात. होमस्टेवाल्यांनी मात्र थांबू नये, कारण याही आकड्यात सगळं आपलं नसतं. पाहुणा स्कूबाचे आणि बोटीचे पैसेही तुमच्याच क्यूआरवर टाकतो, मग तुम्ही ते स्कूबावाल्याला पाठवता. त्या घरी असे 2 लाख 10 हजार आले आणि गेले. शिवाय बेत रद्द केलेल्यांना परत केलेला अॅडव्हान्स 30 हजार. दोन्ही वजा केल्यावर 11 लाख 40 हजार राहिले. त्यात खात्यात न भरता खर्च झालेली, पण रजिस्टरमध्ये नोंदलेली रोख 40 हजार मिळवली आणि बुकिंग पोर्टलने पैसे पाठवण्याआधीच कापून घेतलेलं कमिशन 30 हजार मिळवलं. पोर्टल तुम्हाला निव्वळ रक्कम पाठवतं, पण पाहुण्याने दिलेली पूर्ण रक्कम ही तुमची जमा असते आणि कमिशन हा तुमचा खर्च. बेरीज आली 12 लाख 10 हजार, आयटीआरमधलाच आकडा. एवढा तंतोतंत मेळ नेहमी बसत नाही, पाच-दहा हजार इकडेतिकडे होतात. ते तसेच दाखवावेत. ओढून-ताणून शून्यावर आणलेला ताळा अनुभवी अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

स्कूबाच्या पैशांवर थोडं थांबतो. दुपारी पाहुण्याचे 6 हजार आले आणि संध्याकाळी 5 हजार दुसऱ्याला गेले, असं वर्षभर दिसलं की सॉफ्टवेअरला ते पैसे गोल फिरवून उलाढाल फुगवल्यासारखं वाटतं. खरोखर तसं करणारे लोक असतात, म्हणून तो शोध मुद्दाम घेतला जातो. यावर इलाज म्हणजे स्कूबावाल्याकडून महिनावार मिळालेल्या रकमेचं पत्र आणि त्याने पाहुण्याच्या नावाने दिलेल्या पावत्या. पावती त्याच्या नावाची असेल आणि तुम्ही फक्त पैसे पोचवत असाल, तर ते "येऊन-गेलेले". राहणं-जेवण-स्कूबा असं पॅकेज तुमच्याच बिलावर लावलं असेल, तर पूर्ण रक्कम तुमची जमा आणि स्कूबावाल्याला दिलेले तुमचा खर्च. नफा दोन्हीकडे सारखाच, पण उलाढाल बदलते. सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे, त्यामुळे खोल्या वाढवल्यावर हा फरक तुम्हाला जाणवेल. कुठलीही एक रीत धरा. आयटीआरला एक आणि बँकेला दुसरी असं नको.

आता खर्चाची बाजू, जिथे जास्त फाइली बिघडतात. नियम एकच पाळायचा: जमेतून एखादी रक्कम काढली तर तिच्या जोडीची नावे नोंदही काढायची. देवबागच्या गृहस्थांनी भावाचे 1 लाख 80 हजार "घरचे" म्हणून जमेतून काढले, पण छपराचा खर्च होमस्टेच्या दुरुस्तीत तसाच ठेवला होता. छप्पर जुन्या घराचं, पाहुण्यांच्या खोल्या मागच्या अंगणात वेगळ्या. तसाच कागद गेला असता तर धंद्याची शिल्लक 1 लाख 80 हजारांनी खाली दिसली असती आणि कर्ज आपोआप लहान झालं असतं. देवळाच्या मंडपाचं आणि सोनेतारण फेडलेल्या रकमेचंही तेच. उलटही होतं. भावाचे पैसे धंद्याच्या जमेत ठेवून छपराचा खर्च तेवढा घरचा म्हणणारे असतात. ती लबाडी पहिल्याच प्रश्नाला उघडी पडते.

पिग्मीला रोज जाणारे पैसे हा खर्च नाही, ती बचत आहे. घरखर्चासाठी एटीएममधून काढलेले पैसे, मुलांची फी आणि विम्याचा हप्ता हाही धंद्याचा खर्च नाही, ती मालकाची उचल. तुम्ही उचल जास्त केली म्हणून होमस्टेचं उत्पन्न कमी होत नाही. फक्त घरचा खर्च फार मोठा दिसला तर हप्ता कुठून भरणार हा प्रश्न वेगळा येतो, आणि तो रास्त आहे.

सगळ्यात किचकट म्हणजे स्वयंपाकघर. पाहुण्यांची सुरमई आणि घरचे बांगडे एकाच मासेवालीकडून येतात, तांदूळ-नारळही एकाच दुकानातून. बिलं वेगळी करणं अशक्य. मी इथे पावसाळ्याचा आधार घेतो. जुलैमध्ये पाहुणा नसतो, म्हणून त्या महिन्याचा किराणा आणि बाजार हा निव्वळ घरचा. त्या फाइलमध्ये जुलैचा आकडा 11 हजार होता. 12 महिन्यांचे 1 लाख 32 हजार घरचे धरले. वर्षभराचा बाजार 3 लाख 98 हजार, म्हणून पाहुण्यांचा 2 लाख 66 हजार. पावसाळ्यात मासे कमी आणि सुकं जास्त, तेव्हा हा आकडा घरखर्च थोडा कमी दाखवतो, पण रीत काय ते लिहून दिलं की अधिकारी मान्य करतात. विजेलाही हेच लावता येतं. गणपतीचा महिना मात्र आधाराला घेऊ नका, चाकरमानी आले की घरचाच खर्च पाहुण्यांसारखा होतो.

बाकी खर्च सरळ होते. कामाच्या माणसांचे पगार 1 लाख 80 हजार, वीज-गॅस-धुलाई 1 लाख 14 हजार, हंगामाआधीची रंगरंगोटी आणि खोल्यांची दुरुस्ती 1 लाख 30 हजार, पोर्टलचं कमिशन 30 हजार, किरकोळ 70 हजार. स्वयंपाकघर धरून 7 लाख 90 हजार. 12 लाख 10 हजारांतून गेले, राहिले 4 लाख 20 हजार.

त्यांनी आयकराच्या कलम 44 एडीखाली, म्हणजे उलाढालीच्या टक्क्यांवर नफा धरायच्या रीतीने, आयटीआरमध्ये उत्पन्न 3 लाख 90 हजार दाखवलं होतं. हे कलम डिजिटल जमेवर किमान 6 टक्के आणि रोख जमेवर किमान 8 टक्के नफा मागतं, जास्त दाखवायला मोकळीक आहे. अनेक जण किमान टक्केवारीवरच थांबतात. 12 लाखांवर 6 टक्के म्हणजे वर्षाला 72-73 हजार, महिन्याला सहा हजारांच्या आसपास. एवढ्या उत्पन्नावर आठ लाख कोण देईल? कर वाचवला असं वाटतं, पण या पातळीवर कर मुळात नसल्यासारखाच असतो. तुमचा आयटीआर काढून हा आकडा आधी पाहा. तो किमान टक्केवारीवर असेल तर खात्याची वर्गवारी कितीही नीट केली तरी आयटीआरवर चालणारी बँक पुढे जाणार नाही, आणि खात्यातल्या जमेवर चालणारी संस्था शोधावी लागेल. तिचा व्याजदर सहसा चढा असतो.

खात्यावरून 4 लाख 20 हजार आणि आयटीआरवरून 3 लाख 90 हजार असले की बँक कमी आकडा धरते. महिन्याला 32,500. त्या बँकेत सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत चालत होते, म्हणजे 16,250. दुचाकीचा हप्ता 3,200 वजा जाता 13,050 उरले. 11 टक्के व्याजाने सात वर्षांच्या मुदतीत लाखाला साधारण 1,712 हप्ता बसतो, म्हणून साडेसात लाखांच्या थोडं वर बसत होतं. साडेसात मंजूर झाले. हेच गणित तुमच्या आकड्यांवर घरी करून पाहा, म्हणजे आठ लाख मागायचे की दोन खोल्यांऐवजी आधी एकच बांधायची ते बँकेत जाण्याआधी ठरेल.

आता आंबे. स्वतःच्या बागेतले हापूस विकले तर ते शेती उत्पन्न, आयकर नाही. शेजाऱ्यांच्या पेट्या विकत घेऊन पाहुण्यांना आणि मुंबईला पाठवल्या तर तो व्यापार. आंबापोळी किंवा आटवलेला रस विकला तर तेही पूर्णपणे शेतीत बसत नाही. पेट्यांचे पैसे यूपीआयने येतात आणि बरेचदा देणारे पूर्वी राहून गेलेले पाहुणेच असतात, त्यामुळे एप्रिल-मेच्या नोंदींत खोलीभाडं आणि आंबा हमखास गोंधळतात. इथेही पेट्यांची वही आणि तारीखच उपयोगी पडते. बागेचा सातबारा जोडा, त्यावर आंब्याची नोंद असली पाहिजे.

यात एक मेख आहे. 44 एडीवाले बहुतेक जण आयटीआर-4 भरतात, आणि शेती उत्पन्न 5 हजारांपेक्षा जास्त असेल तर तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो. देवबागच्या गृहस्थांनी आयटीआर-4 भरला होता आणि आंब्याचा त्यात उल्लेखच नव्हता. जमेतून 2 लाख 20 हजार वेगळे काढायला सातबारा चालला, पण उत्पन्न म्हणून बँकेने त्यातला रुपयाही धरला नाही. विवरणात नसलेलं उत्पन्न आम्ही कसं मोजू, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. तुमची बाग असेल तर आधी सीएंना हे विचारा. सुधारित विवरण भरायची मुदत शिल्लक असेल तर ते करूनच अर्ज द्या.

रोख भरण्याबद्दलही विचारतीलच. त्या फाइलमध्ये 13 लाख 80 हजारांपैकी 1 लाख 90 हजार रोख भरले होते. भरणा हंगामात, रजिस्टरमधल्या रोख पाहुण्यांच्या पाठोपाठ दिसत होता, म्हणून निभावलं. ऑगस्टमध्ये एकदम 60 हजार रोख भरले असते तर ते कुठल्या पाहुण्याचे हे सांगता आलं नसतं. अशी रक्कम तुमच्या खात्यात असेल आणि उगम आठवत नसेल तर तिला "धंदा" म्हणू नका. "अनिश्चित" असा सातवा वर्ग करून तिथे ठेवा. जमा थोडी कमी दिसली तरी चालेल, पण एका नोंदीचं उत्तर चुकलं की बाकीच्यांवरही शंका येते.

देवळाचे पैसे पुढच्या वर्षीपासून तुमच्या खात्यात घेऊच नका, मंडळाचं खातं उघडा. काही संस्था दर महिन्याच्या ठरावीक तारखांची, म्हणजे 5, 15, 25 अशी, सरासरी शिल्लक पाहतात. वर्गणी महिनाभर पडून राहिली की शिल्लक फुगते, आणि ती तुमची नाही असं तुम्हीच जोडपत्रात लिहिलेलं असतं.

करंट खातं मात्र उघडाच, पण ते पुढच्या कर्जासाठी. होमस्टेच्या नावाने उघडायला धंद्याचे दोन पुरावे लागतात, उद्यम नोंदणी त्यातला एक म्हणून चालते. पाहुण्यांचा क्यूआर त्या खात्याला लावा आणि महिन्याला एक ठरलेली रक्कम घरखर्चासाठी बचत खात्यात वळवा. आत्ताच्या अर्जात दोन महिन्यांच्या नव्या खात्याला फारसं वजन मिळणार नाही, जुन्या खात्याचे 12 महिने मागतीलच. खाती दोन झाली की दोन्हींची स्टेटमेंट द्या. एकच दिलं तर दुसऱ्यात काय आहे हा प्रश्न येतो, आणि दोन्ही देऊन आपसातल्या बदल्या दाखवल्या नाहीत तर तेच पैसे दोनदा जमा धरले जातात. अकाउंट अॅग्रिगेटरमार्फत संमती दिली असेल तर बँकेला दोन्ही खाती थेट दिसतील. तिथे तुमचे शेरे जात नाहीत, त्यामुळे एक्सेलचं जोडपत्र तेव्हाही हातात द्यावं लागतं.

जोडपत्राच्या पहिल्या पानावर फक्त ताळा लिहा: एकूण जमा, त्यातून काय वजा केलं, काय मिळवलं आणि आयटीआरची उलाढाल. मागे वर्गवार यादी, त्यामागे पुरावे, प्रत्येक पुराव्यावर एक्सेलच्या ओळीचा क्रमांक. साहेब पहिलं पान वाचतील आणि मधलीच दोन-तीन पानं उघडून पाहतील. बहुधा भावाकडून किंवा दिराकडून आलेली मोठी रक्कम आणि एखादा रोख भरणा. त्या दोन्हींची उत्तरं तोंडपाठ ठेवा. तुमच्या आयटीआरमधली उलाढाल आणि नफा इथे लिहिलात तर हिशेब करून सांगतो. खाते क्रमांक आणि पॅन मात्र इथे टाकू नका.